वाढवणच्या धक्क्याआधी नाशिकचा घाट बघा

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि वाढवण बंदर प्रकल्प

सप्रेम नमस्कार.

वाढवणबद्दल नाशिकमध्ये बोलणं निघालं की पहिला उल्लेख पाण्याच्या खोलीचा होतो. किनाऱ्याजवळ नैसर्गिक अठरा ते वीस मीटर पाणी, एक-एक हजार मीटर धक्क्याची नऊ कंटेनर टर्मिनल्स, ७६ हजार कोटींच्या वर खर्च आणि पूर्ण झाल्यावर वर्षाला दोन कोटी बत्तीस लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने मोजलेली क्षमता. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली, त्या दिवशी आमच्या द्राक्षपट्ट्यातही पेढे वाटले गेले. नकाशावर पट्टी ठेवली तर नाशिकहून वाढवण सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत भरतं आणि न्हावाशेवा दीडशेच्या घरात. त्यामुळे इथल्या बहुतेकांनी गृहीत धरलंय की हे बंदर आपलंच.

मी जिल्ह्यातल्या द्राक्ष निर्यातदारांसाठी कंटेनरच्या पाठवणीचं काम बघतो. रिकामा कंटेनर मागवण्यापासून तो भरून बंदराच्या गेटमधून आत जाईपर्यंतची सगळी धावपळ माझ्याकडे असते. या कामातून माझं एक ठाम मत झालंय, ते आपल्यापुढे मांडतो. आज आखलंय तसं वाढवण उभं राहिलं तर ते दिल्ली, हरियाणा आणि राजस्थानचं बंदर होईल. सव्वाशे किलोमीटरवरचं नाशिक त्याच्या पाठीशी असूनही त्याच्या पाठप्रदेशात, म्हणजे त्याला माल पुरवणाऱ्या भागात, येणार नाही.

हे कसं ते सांगायला एका कंटेनरचा प्रवास घेतो. दिंडोरी तालुक्यातल्या पॅकहाऊसमधून रॉटरडॅमला जाणारा चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर. त्यात साधारण तेरा-चौदा टन द्राक्षं बसतात.

या कंटेनरचा प्रवास दिंडोरीत सुरू होत नाही, तो उरण-पनवेलच्या परिसरातल्या एखाद्या एम्प्टी यार्डात सुरू होतो. शिपिंग लाइनकडून बुकिंग मिळालं की रिकामा रीफर उचलायचा आदेश येतो. यार्डात त्या रीफरच्या मशीनची तपासणी होते, तिला आम्ही पीटीआय म्हणतो. त्यात कॉम्प्रेसर, पंखे, सेन्सर आणि दाराचं रबर बघतात. तपासणी झालेला कंटेनर हाती लागेपर्यंत ट्रेलर यार्डाबाहेर उभा. मग तो रिकामा डबा घेऊन शिळफाटा, भिवंडी, शहापूर करत घाट चढतो. दोनशेहून अधिक किलोमीटर नुसती हवा वाहून नेली जाते आणि त्याचं भाडं शेवटी बागायतदाराच्या भावातूनच कापलं जातं.

इकडे पॅकहाऊसमध्ये तोवर माल तयार असतो. सकाळी काढलेले घड दुपारपर्यंत निवडून, विरळून पेटीत भरलेले असतात. मग प्री-कूलिंगच्या खोलीत सहा-आठ तास थंड हवा पेट्यांमधून ओढून गराचं तापमान चार अंशांच्या खाली आणायचं, आणि पुढे शून्याच्या आसपास धरून ठेवायचं. हे तापमान पेटीतल्या एका मण्यात सुई खुपसून बघतात, कारण खोलीतली हवा शून्यावर असली तरी घडाच्या पोटातला मणी सहा अंशांवर असू शकतो. रीफरचं मशीन गरम माल थंड करू शकत नाही, थंड माल थंड ठेवण्यापुरतीच त्याची ताकद असते. म्हणून इथे झालेली चूक पुढे समुद्रात कुणालाही सुधारता येत नाही.

माल भरून झाला की दाराला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, वजनाचं प्रमाणपत्र आणि शिपिंग बिल होतं, कृषी विभागाचं फायटो, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र, होतं. ट्रेलरला जोडलेल्या डिझेल जेनसेटवर मशीन सुरू असतं. गाडी घाट उतरते. बंदराजवळ येईपर्यंत फॉर्म १३ निघालेला हवा, नाहीतर गेटवर प्रवेश नाही. आणि या सगळ्याच्या वर घड्याळ असतं ते कट-ऑफचं. जहाजाच्या आधी ठरावीक तास गेट उघडतं आणि ठरावीक तासाला बंद होतं. त्या मार्गावरच्या लाइनचं जहाज बहुधा आठवड्यातून एकदाच असतं, त्यामुळे दोन तासांनी कट-ऑफ चुकला की सात दिवस गेले.

आता यात बंदराच्या पाण्याची खोली कुठे आली? ती जहाजाच्या मालकाच्या हिशेबात आली. पाठवणाऱ्याच्या हिशेबात तीनच गोष्टी येतात. रिकामा डबा किती दूर आहे, भरलेली गाडी गेटवर किती वाजता पोचेल हे किती खात्रीने सांगता येतं, आणि पोचल्यावर डबा विजेच्या प्लगला कधी लागतो. ज्या बंदराची या तिन्हींवर पकड असते त्याच्याकडे माल जातो, मग ते आणखी पन्नास किलोमीटर लांब असलं तरी.

खात्री हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण वेळ जास्त लागणं आणि वेळेचा भरवसा नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दिंडोरीहून गेटपर्यंत रोज दहा तास लागले तर मी दहा तास आधी गाडी सोडेन. पण कधी सात आणि कधी अठरा लागत असतील, तर मला दरवेळी अठरा तास धरूनच निघावं लागतं. मग सात तासांत पोचलेली गाडी बंद गेटाबाहेर अकरा तास डिझेल जाळत उभी राहते. म्हणजे घाटात एक टँकर उलटल्याची किंमत, तो उलटला नाही त्या दिवशीही आम्ही मोजत असतो.

एका हंगामात आमचा एक कंटेनर रात्रभर घाटातल्या कोंडीत अडकला. पहाटे जेनसेटचं डिझेल संपलं आणि पुढे डिझेल मिळेपर्यंत मशीन बंद राहिलं. गाडी कट-ऑफच्या आत पोचली, कंटेनर जहाजावर चढला, कागदावर सगळं बरोबर होतं. नेदरलँड्समध्ये दार उघडल्यावर पेट्यांमध्ये ठेवलेल्या डेटा लॉगरचा आलेख आला. सबंध तीन-साडेतीन आठवड्यांची रेघ शून्याला चिकटलेली आणि अगदी डाव्या टोकाला, पहिल्याच रात्री, एक उंचवटा. सोबत फोटो होते. मणी बऱ्यापैकी टणक होते, पण घडाचे देठ हिरव्याचे तपकिरी झाले होते आणि पेटीच्या तळाशी मणीगळ होती. युरोपातला खरेदीदार पहिल्यांदा देठच बघतो. भाव तुटला, आणि तो त्या बागायतदाराचा तुटला ज्याने छाटणीपासून काढणीपर्यंत औषधांच्या अंशांची प्रत्येक मर्यादा पाळली होती.

पूर्वी अशा एखाद्या रात्रीला माल थोडंफार पचवायचा. सुएझमार्गे रॉटरडॅम वीस-पंचवीस दिवसांत गाठलं जायचं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बहुतेक लाइन्सनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. समुद्रावरचा हा वेळ कमी करणं आपल्या कुणाच्याच हातात नाही. म्हणून जमिनीवरच्या पहिल्या दोन दिवसांची किंमत आता कितीतरी वाढली आहे.

आता रेल्वेकडे येतो, कारण बंदराच्या आराखड्यात पाठप्रदेशाचं उत्तर म्हणून रेल्वेच दाखवली जाते. वाढवणला पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाशी जोडणारा सुमारे बारा किलोमीटरचा फाटा आखला आहे. हा मालवाहतूक मार्ग दिल्लीजवळच्या दादरीहून रेवाडी, पालनपूर, अहमदाबाद, वडोदरा, सुरत करत किनाऱ्याच्या सपाटीवरून खाली येतो. त्यावर कंटेनर एकावर एक असे दुमजली जाऊ शकतात, वाटेत मोठा घाट नाही. म्हणजे तेराशे-चौदाशे किलोमीटरवरच्या दादरीचा डबा ठरल्या वेळी, कमी खर्चात वाढवणला पोचेल.

नाशिकची रेल्वे मात्र कसाऱ्याच्या घाटातून उतरते. तिथला चढ ३७ फुटाला एक फूट आहे. वर चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, उतरणारी मालगाडी ब्रेक तपासून हळूहळू सोडावी लागते. बोगदे आणि विजेच्या तारा यांमुळे तिथे दुमजली कंटेनरचा प्रश्नच येत नाही. घाटाखाली कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत तोच रूळ मुंबईच्या लोकलना लागतो. आणि वाढवणला जायचं तर कल्याण-दिव्याकडून वसईला वळून पुन्हा उत्तरेला यायचं. सरळ रेषेतले सव्वाशे किलोमीटर रुळांवर त्याच्या दुपटीच्या आसपास जातात, आणि त्यातला मोठा भाग लोकलच्या वेळापत्रकात जागा मिळेल तेव्हाच पार होतो.

शिवाय आकड्यांचंही गणित आहे. एका कंटेनर गाडीला ४५ वाघिणी धरा. प्रत्येकीवर एक चाळीस फुटी डबा. द्राक्षांचे ४५ रीफर म्हणजे सुमारे सहाशे टन माल, एकाच दिवशी, एकाच स्टेशनावर, एकाच बंदरासाठी तयार हवा, आणि वाटेत सगळ्या डब्यांना वीज पुरवणारा पॉवर पॅक हवा. आमच्याकडे माल शंभर पॅकहाऊसमध्ये विखुरलेला असतो आणि तो आठ-दहा देशांना, वेगवेगळ्या लाइन्सनी जातो. त्यामुळे फक्त द्राक्षांवर रेल्वे चालणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. रोजची नाही तरी आठवड्यातून तीनदा नेमाने सुटणारी गाडी हवी असेल तर तिला जड, सतत येणाऱ्या मालाचा पाया लागतो. कांदा आहे, सातपूर-अंबडचा यंत्रभाग आहे, मका आहे. त्या पायावर गाडी रुळली की मग चार-सहा रीफरही तिच्यावर जातील.

कांद्याबद्दल बोलताना दिल्लीचं नाव टाळता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये एका रात्रीत निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती शुल्कासह उठली, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. जो माल असा कधीही थांबू शकतो त्याच्या जोरावर कुठलाही गाडीवाला वर्षाचा करार करत नाही. बंदराने कितीही यंत्रणा उभारली तरी पाठप्रदेशातला माल सरकारी आदेशाने गायब झाला की ती रिकामी पडते. आपण केंद्राच्याच अखत्यारीत आहात, तेव्हा हे वर सांगायला आमच्यापेक्षा आपल्याला जवळचं पडतं.

खोल पाणी आणि रेल्वे दोन्ही असूनही माल न आल्याचं उदाहरण देशातच आहे. कोचीजवळच्या वल्लारपाडमचं टर्मिनल फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्यासाठी वेंबनाडच्या पाण्यावर साडेचार किलोमीटरहून लांब रेल्वे पूल बांधला गेला. क्षमता वर्षाला दहा लाख टीईयूची होती आणि पहिल्या वर्षांत त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास माल आला. केरळचा स्वतःचा कंटेनरचा माल थोडा. पाठप्रदेश म्हणून ज्यांच्याकडे बघितलं होतं त्या तिरुप्पूर-कोइमतूरच्या कारखान्यांचा माल मुख्यतः तुतिकोरिनकडे जात होता आणि तिकडेच जात राहिला. तिथली यार्डं, एजंट, गाडीवाले, ठरलेल्या फेऱ्या, सगळी घडी बसलेली होती. ती मोडून यायला नुसतं खोल पाणी पुरलं नाही.

उलट दिशेचं उदाहरण मुंद्र्याचं. १९९८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याच्यामागे मोठं शहर नव्हतं की कारखाने नव्हते. बंदराने काय केलं, तर आदिपूरपर्यंतचा ६४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग स्वतःच्या खर्चाने टाकला आणि उत्तरेच्या मालाला थेट धक्क्यापर्यंत आणलं. आज कंटेनरच्या धंद्यात ते न्हावाशेव्याच्या बरोबरीने उभं आहे. न्हावाशेव्याला १९८९ पासूनची आघाडी होती, मुंबईसारखी बाजारपेठ पाठीशी होती, तरीही उत्तरेचा माल त्याच्याकडून निसटला तो या ६४ किलोमीटरांमुळे, असं मला वाटतं.

आमच्या घाटाचा इतिहासही हेच सांगतो. कसारा ते इगतपुरी रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. त्याआधी खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवरून खाली यायचा, पावसाने भिजायचा, धुळीने माखायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे त्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. युद्ध संपून भाव कोसळला, पण घाट चढलेली रेल्वे मागे राहिली आणि खानदेश-वऱ्हाड कायमचे मुंबईला बांधले गेले. तेव्हा मुंबईच्या बंदरात पाणी एकाएकी खोल झालं नव्हतं.

त्याहूनही मागे जायचं तर पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात जावं. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले, असं त्यात म्हटलंय. गोवर्धन म्हणजे आपलं नाशिकजवळचं, शूर्पारक म्हणजे सोपारा बंदर. पुढे नद्यांची नावं येतात: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने फुकट नावा सोडल्या आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, जिच्या परिसरात आज वाढवण उभं राहणार आहे. लेख धर्मादाय दानाचा आहे, पण जागांची निवड बघा. किनाऱ्यावरची बंदरं, वरचं व्यापारी ठाणं, आणि मधल्या वाटेवर जिथे गाडी थांबते नेमक्या त्या जागा.

आपल्याकडून मला नेमकं काय हवंय ते आता सांगतो.

पहिली गोष्ट रस्त्याची. वाढवणजवळच्या तवा गावापासून समृद्धी महामार्गावरच्या भरवीरपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग राज्य सरकारने मंजूर केलाय. जव्हार-मोखाडा करत तो सह्याद्री चढतो. नाशिकच्या दृष्टीने वाढवणचं खरं गेट हेच आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसाऱ्याच्या घाटाला एक पर्याय मिळाला, त्यामुळे न्हावाशेव्याची वाट आमच्यासाठी आधीच सुधारली आहे. म्हणजे तवा-भरवीर मार्ग पहिल्या धक्क्यानंतर चार-पाच वर्षांनी झाला, तर तोवर आमचा सगळा व्यवहार न्हावाशेव्याच्या नव्या वाटेवर पक्का बसलेला असेल आणि वल्लारपाडमची गोष्ट इथेही घडेल. तेव्हा या मार्गाचं वेळापत्रक पहिल्या टर्मिनलच्या करारात बांधून घ्या. टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीला किमान मालाची हमी मागता ना, तशी रस्त्याची हमी राज्याकडून मागा. डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी जुनी आहे, तीही याच टेबलावर यायला हवी, कारण कल्याणला न जाता घाट उतरणारी दुसरी रेल्वे आमच्याकडे नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या डब्यांची, आणि ही मला रस्त्याइतकीच मोठी वाटते. निफाडच्या साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर असलेलं कंटेनरचं कोरडं बंदर, करायची घोषणा होऊन बरीच वर्षं लोटली. त्याबद्दल बोलताना सगळे जागा, कुंपण, रेल्वेचा फाटा आणि कस्टम्सचं ऑफिस यांवर बोलतात. पण ड्राय पोर्टचा उपयोग तिथे रिकामा, तपासलेला कंटेनर उभा असेल तरच. कंटेनर तिथे पडून राहतात जिथे आयातीचा माल उतरवला जातो. नाशिकमध्ये कंटेनरमधून आयात थोडी आणि निर्यात जास्त. त्यातही रीफरची आयात तर जवळजवळ नाहीच, सफरचंदं आणि गोठवलेला माल उतरतो तो मुंबई परिसरात. त्यामुळे निफाडला यार्ड झालं तरी प्रत्येक रिकामा रीफर खालूनच वर आणावा लागेल. तो एकेकटा ट्रेलरवर येतो की ४५ च्या गाडीने एकदम येतो, हाच सगळा फरक. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत आठवड्याला किती रीफर लागतील हे आम्ही नोव्हेंबरमध्येच बऱ्यापैकी सांगू शकतो, कारण छाटणीच्या तारखा ठरलेल्या असतात. त्या अंदाजावर शिपिंग लाइन्सनी डिसेंबरपासूनच रिकामे रीफर गाडीने निफाडला आणून ठेवावेत, पीटीआय तिथेच व्हावी, आणि बंदराने त्या रिकाम्या गाडीच्या हाताळणीचे दर उतरवावेत. हे झालं तर ट्रेलरची चारशे किलोमीटरची फेरी निम्म्यावर येते.

आपलं ड्राय पोर्ट नीट चाललंय का, हे ओळखायला मोठा अहवाल लागणार नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांमध्ये किती डबे रेल्वेने आणि किती ट्रेलरवर रिकामे वर येताहेत, एवढं दर महिन्याला मोजा.

तिसरी गोष्ट मोठ्या जहाजांची. खोल पाण्यामुळे वाढवणला चोवीस हजार टीईयूची जहाजं लागतील असं सांगितलं जातं. ती आली तर भाडं कमी होईल, हे खरं. पण मोठं जहाज एका फेरीत जास्त डबे चढवतं-उतरवतं, म्हणजे तोच माल थोड्या दिवसांत गोळा होतो. समजा एका जहाजाचे आयात-निर्यात मिळून चार हजार चाळीस फुटी डबे असतील आणि त्यातले ऐंशी टक्के रस्त्याने जात असतील. आज न्हावाशेव्याचा रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमीच आहे, तेव्हा हे गृहीतक उदारच म्हणायचं. म्हणजे ३,२०० ट्रेलर. चार दिवस, चोवीस तास गेट चालू ठेवलं तरी तासाला ३३, दर दोन मिनिटांना एकाहून थोडे जास्तच. हे एका जहाजाचं झालं, आणि टर्मिनल्स नऊ आहेत. पाणी जितकं खोल तितकं गेट आणि त्यामागचा रस्ता रुंद लागतो, आणि पार्किंगमध्ये रीफरला प्लग लागतात. गेटाबाहेरच्या पार्किंगमध्ये हंगामात पुरतील इतके वीजजोड पहिल्या दिवसापासून द्या, आणि जहाज लांबलं तर रीफरला आधी आत घ्यायची सोय ठेवा. शून्य अंशावरचा माल आणि लोखंडी सळ्या एकाच रांगेत उभ्या राहू नयेत.

वाढवणच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि डहाणूच्या बागायतदारांचा या बंदराला अनेक वर्षांचा विरोध आहे. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यांनीच मांडायचा आणि आपण नीट ऐकायचा, मी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार सांगत नाही. पण एवढं मला कळतं की ज्यांच्या मासेमारीच्या पाण्यात भराव पडणार आहे, त्यांच्याकडून एवढं घेऊन बंदर अर्धं रिकामं ठेवलं, किंवा त्याचा फायदा शेजारच्या जिल्ह्यालाही न होता थेट दादरीला गेला, तर त्याचं समर्थन कुठल्याच तोंडाने करता येणार नाही.

आपल्या अधिकाऱ्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भर हंगामात, इकडे यावं अशी विनंती आहे. सादरीकरणाच्या हॉलमध्ये नको, पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या एखाद्या पॅकहाऊसवर या. एका रिकाम्या रीफरसोबत उरणहून ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून वर यावं आणि भरलेल्या डब्यासोबत गेटपर्यंत परत जावं. प्रत्येक थांब्याची वेळ लिहून घ्या. आमच्या बाजूने बागायतदार, पॅकहाऊसवाले, गाडीमालक आणि सीएचए म्हणजे कस्टम्सचं काम बघणारे एजंट असे सगळे बसून आठवड्यागणिक रीफरच्या मागणीचा तक्ता तयार करून आपल्याला देऊ. वाढवणच्या पहिल्या टर्मिनलची निविदा निघण्याआधी त्या तक्त्यावर आणि तवा-भरवीर मार्गाच्या तारखांवर आपलं लेखी उत्तर मिळावं, ही मागणी.

आपला,
नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष निर्यातीच्या पाठवणीत काम करणारा एक नागरिक